पॅनल सोडताना : कोल्हापुरातल्या एका अस्थिरोग रुग्णालयाचं प्रकरण

राजारामपुरीतलं हे अस्थिरोग रुग्णालय २२ खाटांचं आहे. डॉक्टर स्वतः शस्त्रक्रिया करतात, त्यांच्या पत्नी भूलतज्ज्ञ आहेत. रुग्ण येतात ते शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून, कागल-मुरगूडकडून, काही इचलकरंजीहून. फाउंड्री आणि मशीन शॉपमधल्या कामगारांना कंपनीची ग्रुप पॉलिसी असते, त्यामुळे इथे कॅशलेसच्या केसेस बऱ्याच. अशाच एका विमा कंपनीच्या पॅनलवरून, म्हणजे कॅशलेस उपचार देणाऱ्या रुग्णालयांच्या यादीतून, डॉक्टरांनी स्वतःहून नाव काढून घेतलं. मी छोट्या रुग्णालयांचे विम्याचे हिशेब बघतो आणि या प्रकरणात पहिल्या पत्रापासून होतो. कंपनीचं नाव देत नाही. आकडे गोल केले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जसं होतं तसंच ठेवलं आहे.

डॉक्टरांची तक्रार एका वाक्यात होती : "पैसे येतात, पण कधी येतील ते कुणीच सांगत नाही." कंपनीच्या महिन्याला साधारण १० फाइल्स होत, निव्वळ बिल सहा लाखांच्या आसपास. रुग्णालयाच्या एकूण उलाढालीत हा हिस्सा पाचवा. एवढ्या हिश्शावर निर्णय घ्यायचा तर 'उशीर होतो' एवढं म्हणून भागत नाही. उशीर नक्की कुठे होतो हे आधी कागदावर यायला हवं होतं.

म्हणून पहिलं काम केलं ते थकबाकीची वयवार यादी करण्याचं. प्रत्येक फाइलसमोर चार तारखा लिहायच्या : डिस्चार्जची, मूळ कागद कुरिअरने पाठवल्याची, कंपनीने काढलेल्या शेवटच्या शंकेची म्हणजे क्वेरीची आणि पैसे बँकेत आल्याची. बिलिंगच्या मॅडमना यासाठी जुनी रजिस्टरं उपसावी लागली, कारण कंपनीच्या पोर्टलवर जुन्या क्वेरी दिसेनाशा होतात. यादी झाली तेव्हा ४१ फाइल्सचे २४ लाख ६० हजार बाकी होते. त्यातल्या १० फाइल्स महिन्याच्या आतल्या होत्या, त्यांच्याबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं. उरलेल्या ३१ फाइल्सचे १८ लाख ६० हजार मुदतीबाहेर गेलेले होते आणि त्यातल्या १३ तर ९० दिवसांच्याही पुढच्या.

या ३१ फाइल्स तीन प्रकारांत विभागल्या गेल्या आणि पुढचं सगळं प्रकरण त्या विभागणीवर उभं राहिलं.

पाच फाइल्सवर पोर्टल म्हणत होतं, 'मूळ कागदपत्रं मिळाली नाहीत'. पाचही फाइल्सच्या कुरिअरची पोच, कंपनीच्या शिक्क्यासह, मॅडमनी जपून ठेवली होती. १४ फाइल्स क्वेरीत अडकल्या होत्या. अस्थिरोगाच्या फाइलला क्वेरी येणं नवीन नाही. इम्प्लांटचं बिल आणि स्टिकर, शस्त्रक्रियेनंतरचा एक्स-रे, अपघात असेल तर पोलिसांना कळवल्याच्या नोंदीची म्हणजे एमएलसीची प्रत, रुग्ण दारू प्यायला होता का याचा खुलासा, कधी अख्खे इनडोअर केसपेपर. हे मागण्याचा कंपनीला हक्क आहे. पण १४ पैकी नऊ क्वेरींमध्ये मागितलेला कागद पहिल्याच पाकिटात गेलेला होता. आणि काही फाइल्सना एक क्वेरी मिटली की दुसरी, ती मिटली की तिसरी, अशी आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने आलेली.

तिसरा प्रकार मला सर्वांत गंभीर वाटला. १२ फाइल्स पोर्टलवर 'सेटल्ड' दिसत होत्या, रक्कम मंजूर झालेली, पण बँकेतून पैसे पाठवल्याचा यूटीआर नंबर नाही आणि खात्यात पैसेही नाहीत.

आता करार काढला. 'संपूर्ण कागदपत्रं मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे देण्यात येतील' असं कलम होतं. सगळी गोम 'संपूर्ण' या शब्दात आहे. कागद संपूर्ण आहेत की नाहीत हे ठरवणार कंपनी. नवी क्वेरी आली की कागद पुन्हा अपूर्ण, आणि ३० दिवस पुन्हा एकपासून. त्यामुळे १२० दिवसांनी पैसे देऊनही कंपनी म्हणू शकते की आम्ही करार मोडलेला नाही. क्वेरी किती दिवसांत काढायची, एकदाच काढायची की कितीही वेळा, याबद्दल करारात अक्षरही नव्हतं. उशीर झाला तर व्याज नाही. मात्र दरावर दहा टक्के सवलत रुग्णालयाने द्यायची, आणि ती पैसे वेळेवर आले तरी द्यायची, नाही आले तरी द्यायची.

बऱ्याच डॉक्टरांचा समज असतो की विमा नियामकाने मुदती घालून दिल्या आहेत, तेव्हा तक्रार केली की काम होईल. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरमध्ये मुदती आहेत हे खरं. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा, डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, आणि तीन तासांपुढच्या उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायची. पण या मुदती रुग्ण घरी जाईपर्यंतच्या आहेत. रुग्ण घरी गेला की पुढचा व्यवहार रुग्णालय आणि कंपनी या दोघांतला उरतो आणि तिथे करार म्हणेल ते. विमा लोकपालाकडे दाद मागता येते ती विमेदाराला, रुग्णालयाला नाही. हे एकदा नीट कळलं की तक्रार-अर्जांत जाणारे महिने वाचतात. या प्रकरणात डॉक्टरांनी त्याआधी दोन ठिकाणी अर्ज केले होते, दोन्हीकडून 'हा विषय आमच्या कक्षेत येत नाही' असं उत्तर आलं होतं.

मग प्रश्न आला तो राहायचं की सोडायचं याचा. इथे बहुतेक जण रागाने निर्णय घेतात. डॉक्टर चिडलेले होतेच, पण त्यांच्या पत्नीने वही पुढे ओढली आणि म्हणाल्या, "आधी मला सांगा, दहा पेशंटमधले किती गेले तर आपण खड्ड्यात जातो?" हाच योग्य प्रश्न होता.

मूळ दराने एका फाइलचं बिल सरासरी ६६ हजार ७०० होत होतं. त्यातून इम्प्लांट, औषधं, साहित्य, बाहेरून येणारे सहायक असा थेट खर्च वजा केला की साधारण ३० हजार उरत. हे कॅशलेस नसतानाचं. पॅनलवर असताना त्यातून दहा टक्के सवलत जायची, वर कंपनीने बिलातून केलेली कपात म्हणजे डिडक्शन, अडकलेल्या रकमेसाठी बँकेच्या कॅश क्रेडिटवरचं व्याज आणि मॅडमचा अर्धा दिवस. सगळं मिळून बिलाच्या साडेसतरा टक्के, म्हणजे फाइलमागे साडेअकरा हजारांच्या वर. हाती उरत होते सुमारे १८ हजार. म्हणजे पॅनल सोडल्यावर दहापैकी सहा रुग्ण टिकले तर बरोबरी, पाचच टिकले तर थोडा तोटा.

थोडक्यात, नफ्याच्या हिशेबाने पॅनल सोडणं फायद्याचं आहे असं ठामपणे म्हणता येत नव्हतं, आणि मी ते डॉक्टरांना तसंच सांगितलं. निर्णय फिरला तो रोकडीवर. इम्प्लांटचे वितरक ३० दिवसांची उधारी देतात. त्यापुढे गेलात तर पुढचा सेट ऑपरेशनच्या आदल्या रात्री येत नाही. सिस्टर, वॉर्डबॉय, वीज, बँकेचा हप्ता हे सगळं महिन्याचं महिन्याला. चार महिन्यांचं बिल एका कंपनीकडे अडकून राहायचं आणि कॅश क्रेडिटची मर्यादा त्यानेच भरून जायची. त्या वर्षी दोनदा पगार उशिरा झाले होते. नफा आहे पण पगाराला पैसे नाहीत, ही अवस्था २२ खाटांचं रुग्णालय फार काळ सोसू शकत नाही.

तरीही लगेच नोटीस दिली नाही. आधी एक पत्र आणि ३० दिवसांची मुदत दिली. पत्रात राग नव्हता, ३१ फाइल्सचा तक्ता होता : क्लेम नंबर, चार तारखा, रक्कम आणि अडकल्याचं कारण. पाच फाइल्ससोबत कुरिअरच्या पोचा, नऊ क्वेरींसोबत आधीच पाठवलेल्या कागदांच्या प्रती.

सेटल्ड पण पैसे नाहीत अशा १२ फाइल्ससाठी आयकराच्या २६एएसचा, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या टीडीएसच्या विवरणाचा, उपयोग झाला, आणि ही गोष्ट प्रत्येक छोट्या रुग्णालयाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. रुग्णालयाला देण्याच्या रकमेवर दहा टक्के टीडीएस कापला जातो आणि तो रक्कम प्रत्यक्ष देताना किंवा हिशेबात जमा दाखवताना, यातलं जे आधी घडेल तेव्हा कापायचा असतो. २६एएसमध्ये क्लेम नंबर नसतो, पण तारीख आणि रक्कम असते. ताळा घातल्यावर १२ पैकी चार फाइल्सच्या रकमा तिथे तंतोतंत सापडल्या. टीडीएस कापून सरकारजमा झाला होता, उरलेले नव्वद टक्के मात्र रुग्णालयाला मिळाले नव्हते. आपण हे देणं लागतो हे कंपनीने स्वतःच्या पुस्तकात मान्य केल्याचा याहून चांगला पुरावा नसतो. एकच अडचण : टीडीएसचं विवरण तिमाहीचं असतं, त्यामुळे ताज्या फाइल्स २६एएसमध्ये लगेच दिसत नाहीत.

पत्राला उत्तर आलं नाही. शाहूपुरीतल्या शाखेचे अधिकारी दोनदा येऊन बसले, चहा झाला, "साहेब, वर कळवलंय" म्हणाले. त्यांचा दोष नव्हता. पैसे सोडणारा विभाग दुसऱ्या शहरात, शाखेच्या हातात काहीच नाही. महिन्याभरात तीन फाइल्सचे पैसे आले आणि नव्या दहा फाइल्स साचल्या.

मग नोटीस. इथे दोन निर्णय जाणीवपूर्वक घेतले. पहिला असा की करार संपवण्याचं पत्र आणि वसुलीचं पत्र वेगवेगळं ठेवलं. करारात कोणत्याही पक्षाला कारण न देता ३० दिवसांच्या लेखी सूचनेने बाहेर पडता येत होतं. त्याच कलमाखाली चार ओळींचं पत्र दिलं. त्यात 'तुम्ही करार मोडला' असं लिहिलं असतं तर तो मोडला की नाही यावरच वाद सुरू झाला असता आणि बाहेर पडण्याची तारीखच वादात सापडली असती. थकबाकी, तक्ता, २६एएस हे सगळं दुसऱ्या पत्रात, आणि त्यात स्पष्ट वाक्य की करार संपल्याने आधीच्या फाइल्सचं देणं संपत नाही. दुसरा निर्णय पत्त्याचा. नोटीस कुठे द्यायची हे करारातच लिहिलेलं असतं. तो पत्ता मुख्य कार्यालयाचा होता. तिथे स्पीड पोस्टने, करारातल्या ईमेलवर आणि शाखेला फक्त माहितीसाठी प्रत, असं पाठवलं. नुसतं शाखेत पत्र देऊन पोच घेतली असती तर ३० दिवस सुरू झालेच नाहीत असं म्हणायला जागा राहिली असती.

या ३० दिवसांत काय करायचं नाही हेही ठरलं होतं. काही ठिकाणी काउंटरवर 'सर्व्हर बंद आहे' सांगून रुग्णाला परत पाठवतात, किंवा कॅशलेस मंजूर असूनही बाजूला डिपॉझिट घेतात. दोन्ही गोष्टी रुग्णाची फसवणूक आहेत, आणि करार चालू असताना केल्या तर तो मोडल्याचा ठपका रुग्णालयावरच येतो. मग थकबाकीचा सगळा तक्ता बाजूला पडतो. डॉक्टरांनी शेवटच्या दिवशीपर्यंत प्रत्येक कॅशलेस केस नेहमीसारखी घेतली.

रिसेप्शनवर मोठ्या अक्षरात मराठी फलक लागला : अमुक तारखेपासून या कंपनीची कॅशलेस सेवा येथे बंद होत आहे, त्या तारखेपूर्वी दाखल झालेल्या रुग्णांची सेवा डिस्चार्जपर्यंत चालू राहील, नंतर येणाऱ्यांना बिल भरून कंपनीकडून परतावा मागता येईल, त्यासाठी लागणारे सर्व कागद रुग्णालय तयार करून देईल, तातडीच्या रुग्णावर उपचार कार्डाकडे न बघता सुरू होतील. ज्या कारखान्यांच्या ग्रुप पॉलिसी या कंपनीकडे होत्या, त्यांच्या एचआरला हेच लेखी कळवलं. गुडघा बदलण्याच्या तीन शस्त्रक्रिया पुढच्या तारखांना ठरल्या होत्या. त्या तिन्ही घरी डॉक्टरांनी स्वतः फोन केला. दोघांनी तारीख अलीकडे घेतली, एक जण दुसऱ्या पॅनलवरच्या रुग्णालयात गेले आणि त्यांचे सगळे रिपोर्ट डॉक्टरांनी तिकडे पोचवले.

लोकांना हे पटवणं सोपं नव्हतं. कागलकडचे एक काका काउंटरवर येऊन म्हणाले, "काय वो डाक्टर, आमचं कार्ड बंद केलासा व्हय? हप्ता तर कापून घेत्यात की दर साली." त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. हप्ता त्यांनी भरलेला, उशीर कंपनीचा आणि त्रास त्यांच्या वाट्याला. परताव्याच्या वाटेने जायचं तर हाताशी साठ-सत्तर हजार लागतात. त्यांच्या सुनेच्या मनगटाच्या ऑपरेशनला त्यांनी गावच्या पतसंस्थेतून पैसे उचलले. फाइल मॅडमनी करून दिली : मूळ बिल, पावत्या, डिस्चार्ज कार्ड, इम्प्लांटचं स्टिकर, एक्स-रे, तपासण्यांचे रिपोर्ट, रद्द केलेला चेक. परतावा आला, पण तोवरचं व्याज त्या घराने भरलं. या प्रकरणात रुग्णालयाची बाजू मला न्याय्य वाटते, तरी त्या व्याजाचा भार चुकीच्या खांद्यावर पडला हे मी कुठल्याच हिशेबात बसवू शकत नाही.

एक प्रश्न हमखास येतो : आता 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' आहे ना? जानेवारी २०२४ पासून विमा कंपन्यांनी ही सोय सुरू केली आहे आणि पॅनलवर नसलेल्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येतं. ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियेला ४८ तास आधी कळवायचं, तातडीच्या केसमध्ये दाखल झाल्यापासून ४८ तासांत. पण रुग्णालयालाही ते मान्य असावं लागतं, आणि पैसे शेवटी त्याच कंपनीच्या त्याच विभागाकडून येतात. पॅनल सोडून मागच्या दाराने तीच उधारी घ्यायची नाही, असं ठरवून डॉक्टरांनी जुनी बाकी मिटेपर्यंत याला नकार दिला. मला हा निर्णय कठोर पण सुसंगत वाटला.

नोटिशीची मुदत संपल्यावर कंपनी पहिल्यांदा खडबडून जागी झाली. बाहेर पडण्याच्या तारखेनंतर तिसऱ्या आठवड्यात एक मेल आला : सर्व जुन्या फाइल्सपोटी एकरकमी १५ लाख, सोबत 'आता काहीही येणे बाकी नाही' असं सहीचं पत्र. पगार तोंडावर असताना १५ लाख मोह पाडतात. पण त्या सहीने उरलेल्या रकमेवरचा हक्क कायमचा गेला असता, त्यात २६एएसमध्ये दिसणाऱ्या चार फाइल्सही गेल्या असत्या. डॉक्टरांनी उत्तर दिलं की फाइलवार पैसे द्या, प्रत्येक रकमेसोबत यूटीआर आणि क्लेम नंबर द्या, ज्या फाइलचे पैसे पूर्ण मिळाले तिच्यापुरतं पत्र त्याच दिवशी सही करून देतो.

याच पत्रात एमएसएमईडी कायद्याचा उल्लेख केला होता. रुग्णालयाची उद्यम नोंदणी करार होण्याआधीपासूनची होती, हे महत्त्वाचं. २००६ च्या या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं, आणि दाद फॅसिलिटेशन कौन्सिलकडे मागता येते. ही वाट पक्की आहे असं मात्र कुणी समजू नये. सेवा घेतली ती रुग्णाने, पैसे देणार कंपनी. मग कायद्याच्या भाषेत खरेदीदार कोण, हा मुद्दा कंपनीचे वकील पहिल्याच तारखेला काढतील. आमच्या वकिलांनी हे स्पष्ट सांगितलं होतं आणि म्हणून हे कलम हाताशी ठेवलं, सगळी भिस्त त्यावर ठेवली नाही.

पैसे आले ते तक्त्यामुळे. सेटल्ड असलेल्या १२ फाइल्स सर्वांत आधी मिटल्या, त्यानंतर कुरिअरच्या पोचा असलेल्या पाच. क्वेरीच्या फाइल्सना वेळ लागला. चार महिन्यांनी २४ लाख ६० हजारांपैकी २१ लाख २० हजार टीडीएससह जमा झाले होते. एक लाख ९० हजारांची डिडक्शन झाली, त्यातली काही बरोबर होती, उदाहरणार्थ पॉलिसीत न बसणारं साहित्य बिलात लागलं होतं. दीड लाखाच्या दोन फाइल्स अजून अडकल्या आहेत. दोन्ही मोटरसायकल अपघाताच्या आहेत आणि दोन्हींत दारूच्या नोंदीवरून वाद आहे. करारानुसार मंजूर झालेली रक्कम रुग्णाकडून मागता येत नाही, म्हणून त्या घरांकडे रुग्णालयाने बोट दाखवलेलं नाही. त्या दोन फाइल्स घेऊन कौन्सिलकडे जायचं का, यावर वकिलांशी बोलणं चालू आहे.

रुग्णांचं म्हणाल तर दहापैकी साधारण पाच टिकले. वहीतल्या हिशेबाने म्हणजे थोडा तोटाच. पण कॅश क्रेडिटचं खातं निम्म्यावर आलं आणि इम्प्लांटवाल्याने उधारीची मुदत पुन्हा पहिल्यासारखी केली.

मध्यंतरी कंपनीकडून पुन्हा पॅनलवर येण्याचा मसुदा आला. डॉक्टरांनी तो तीन बदल सुचवून परत पाठवला आहे. ३० दिवस कागद अपलोड केल्याच्या तारखेपासून मोजायचे. क्वेरी दहा दिवसांत आणि एकदाच काढायची, नाही काढली तर फाइल पूर्ण धरायची. आणि दहा टक्के सवलत फक्त ३० दिवसांत पैसे आलेल्या बिलांवर, बाकीची बिलं मूळ दराने. पहिला बदल कंपनीने मान्य केला आहे. दुसऱ्यात दहाऐवजी पंधरा दिवस हवेत म्हणतात. सवलतीच्या कलमावर अजून उत्तर आलेलं नाही, आणि ते आल्याशिवाय सही करायची नाही असं डॉक्टरांनी ठरवलं आहे.